सहा जण, सहा ग्लास

बडोद्यातली मराठी घरं मुलाला परदेशी पाठवताना दोन गोष्टी गृहीत धरतात. एक, पोरगा उपाशी मरणार नाही, वरणभात तरी शिजवेल. दोन, दारूला शिवणार नाही, कारण तो गुजरातेत वाढलाय. पहिली बहुतेक वेळा खरी ठरते. दुसरी मला पटत नाही, आणि ती का पटत नाही हे सांगायला एक कथा हाताशी आली आहे.

आमच्याकडच्या एका वाचनालयाने कथास्पर्धा घेतली होती. परीक्षकांत मी होतो. आलेल्या कथांत एक होती इंग्लंडला गेलेल्या मुलाची. लेखकाचं नाव झाकलेलं, कथा छोटी, हातची सात-आठ पानं. मुलगा रावपुऱ्यातला, कलाभवनात इंजिनिअरिंग केलेला, पुढे लीड्सला मास्टर्स करून तिथेच नोकरीला लागलेला. स्टडी व्हिसानंतरचा दोन वर्षांचा व्हिसा चालू आहे, तो संपण्याआधी कंपनीने स्पॉन्सर केलं तर राहायचं, नाहीतर परत यायचं. दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की टीम पबमध्ये जाते, तोही जातो आणि पितो. कथेच्या शेवटी तो अशा बैठकींत पिणं बंद करायचं ठरवतो. एवढंच घडतं.

परीक्षकांच्या बैठकीत या कथेवरून खडाजंगी झाली. एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "बघा, शेवटी घरचे संस्कार कामाला आले." दुसऱ्या एका सरांचं म्हणणं, कथेत नाट्यच नाही. अपघात नाही, भांडण नाही, नोकरी जात नाही, मुलगा नुसता थांबतो. "का थांबतो, तेच कळत नाही हो." मला दोघांचंही पटलं नाही. ही कथा संस्कारांची मुळीच नाही. ती हिशेबाची आहे, आणि नाट्य हवं तर ते त्या हिशेबातच आहे. वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात जो प्रश्न राहिला तो त्या मुलाचा नव्हताच, आपला होता: चार माणसं जमली की मधोमध काय ठेवायचं हे कोण ठरवतं, आणि ज्याला ते नको असेल त्याने किती किंमत मोजायची?

आधी पबचा भाग. ज्यांनी इंग्लंडमधला पब पाहिलेला नाही त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्याकडचा बार येतो. टेबलावर वेटर येतो, प्रत्येक जण आपापलं सांगतो, शेवटी एक बिल येतं. तिकडे तसं नसतं. तिकडे कुणीतरी एक जण उठून काउंटरवर जातो, सगळ्यांसाठी घेतो, सगळ्यांचे पैसे देतो. ते संपत आलं की दुसरा उठतो. याला राऊंड म्हणतात. लिहून कुणी ठेवत नाही, पण कुणाचा राऊंड झाला आणि कुणाचा राहिला हे टेबलावरच्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक असतं. एकाच्या पैशाने प्यायलात आणि आपली वेळ आल्यावर कोट चढवून निघालात, तर ते वर्षभर लक्षात राहतं.

कथेतला मुलगा पहिल्याच शुक्रवारी यात अडकतो, तोही अगदी साधेपणाने. तो बॅग खाली ठेवून जागेवर बसायच्या आत त्याच्यासमोर एक पिंट आलेली असते. कुणी विचारलं नाही, त्याने मागितली नाही. पण आली, म्हणजे तो आता कुणाचं तरी देणं लागतो. पुढचा राऊंड येतो तेव्हा त्याची पहिली पिंट अर्धीसुद्धा झालेली नसते. टेबलावर त्याच्यापुढे आता दोन ग्लास, इतरांपुढे एक. हे वर्णन लेखकाने दोन ओळींत उरकलंय, पण ज्याने हे भोगलंय त्यालाच ते सुचेल. तुमच्यापुढचे ते दोन ग्लास तुम्ही मागे पडलात हे टेबलाला सांगत असतात. मग माणूस घाई करतो.

आता हिशेब बघा. ब्रिटिश पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. साधी, ४ टक्क्यांची बिअर धरली तर एका पिंटमध्ये सुमारे २३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जातं. तिकडे १० मिलिलिटर अल्कोहोलला एक युनिट म्हणतात, म्हणजे एक पिंट झाली सव्वादोन युनिटांची. तिथल्या सरकारी वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे आठवड्याला १४ युनिटांच्या वर जाऊ नये, आणि तेवढीसुद्धा एका दिवसात न घेता तीन किंवा जास्त दिवसांत वाटून घ्यावीत. २०१६ पासून पुरुषांना आणि बायकांना आकडा एकच आहे. कथेतल्या टीममध्ये सहा जण आहेत. सहा जण म्हणजे सहा राऊंड, कारण प्रत्येकाने एकेक देईपर्यंत उठणं बरं दिसत नाही. सहा पिंट म्हणजे साडेतेरा युनिटं. आठवड्याचा सगळा कोटा एका संध्याकाळी, आणि कुणीही "आज जरा जास्त घेऊ या" असं म्हणालेलं नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. किती प्यायचं हे त्या टेबलावर तहान ठरवत नाही, हौस ठरवत नाही, संस्कार तर नाहीच नाही. टेबलावर माणसं किती, यावर ते ठरतं. तीन जण असते तर तीन पिंट झाल्या असत्या. सातवा माणूस नव्याने टीममध्ये आला तर सगळ्यांची एकेक वाढेल. आणि वेग ठरवतो सगळ्यांत भरभर पिणारा, कारण त्याचा ग्लास रिकामा झाला की पुढचा राऊंड निघतो. शरीर मात्र आपल्या चालीने चालतं. यकृत ढोबळमानाने तासाला एक युनिट निस्तरतं. संध्याकाळी सहाला सुरू केलेली साडेतेरा युनिटं संपायला शनिवारची सकाळ उजाडते. म्हणून तिकडे रात्री टॅक्सीने शहाण्यासारखा घरी गेलेला माणूस सकाळी गाडी काढतो आणि पोलिसांच्या तपासणीत सापडतो.

हे माझं निरीक्षण नवं नाही. खुद्द ब्रिटिश सरकारला ते शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ साली, लंडनसह बऱ्याच भागांत एक हुकूम निघाला की पबमध्ये दुसऱ्याला दारू पाजायची नाही. प्यायची तर स्वतःच्या पैशाने स्वतःची घ्या. जेवणाबरोबर यजमानाने दिली तर तेवढी सूट. दारूगोळ्याच्या कारखान्यांतली माणसं जास्त पितात, कामावर येत नाहीत, आणि याचं एक मूळ राऊंडमध्ये आहे, असं सरकारचं मत होतं. युद्ध संपल्यावर हुकूम गेला आणि राऊंड परत आला. सरकारला तेव्हा जे उमगलं ते आमच्या परीक्षक मंडळाला उमगेना, याची मला गंमत वाटली. आम्ही मुलाच्या मनात कारण शोधत होतो. ते टेबलावर होतं.

आता सरांचा प्रश्न, तो थांबतो का? कथेत त्याचं उत्तर आहे, फक्त ते ठळक अक्षरांत नाही. एका शुक्रवारी, चौथ्या राऊंडच्या सुमारास, त्याच्या लक्षात येतं की कुणीतरी विनोद केला आणि तो सगळ्यांबरोबर हसला, पण विनोद त्याला कळलेलाच नव्हता. तिथल्या बोलीत, त्या गोंगाटात, पहिल्या पिंटला त्याला निम्मं कळायचं. चौथ्या पिंटला काहीच कळत नव्हतं आणि हसू मात्र दुप्पट येत होतं. तो ज्यासाठी जात होता, म्हणजे माणसं ओळखावीत, कामाच्या गोष्टी कानावर पडाव्यात, कोण कुठल्या प्रोजेक्टवर जातंय ते कळावं, त्यातलं काहीच होत नव्हतं. पैसे जात होते, शनिवार जात होता, आणि ज्यासाठी हे सगळं चाललं होतं तेच हातात येत नव्हतं. बुडीत धंदा बंद करायला माणसाला साक्षात्कार लागत नाही. नवख्या देशातल्या मुलाचं हे दुःख मला अपघातापेक्षा खरं वाटलं.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, कारण वाचणाऱ्यांत कुणी वेगळ्या अवस्थेतला असेल. हा मुलगा व्यसनी नाही. तो आठवड्यातून एकदा, चारचौघांत पितो, म्हणून तो एका शुक्रवारी ठरवून थांबू शकला. जो रोज आणि भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी ग्लासाशिवाय थरथरतात, त्याने असं एका दिवसात बंद करणं धोक्याचं असतं. झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबावं. या लेखातलं पुढचं काही त्याच्यासाठी नाही.

मग हा मुलगा करतो काय? तो पबला जाणं सोडत नाही. पुढच्या शुक्रवारी तो सगळ्यांच्या आधी पोचतो आणि पहिला राऊंड स्वतः घेतो. पाच पिंट आणि स्वतःला सोडा, त्यात लिंबाचं सरबत. त्यात बर्फ, लिंबाची चकती, ग्लासही तसाच उंच. पहिला राऊंड देणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, त्याच्या हातात काय आहे हे बघायची कुणाला गरज पडत नाही. नंतर जो उठतो त्याला तो सांगतो, "मला हेच." आणखी दोन राऊंड झाले की निघतो. देणं आधीच फिटलेलं असल्यामुळे मध्येच उठला तरी तो फुकट्या ठरत नाही.

युक्ती म्हणून ही उत्तम आहे. पण तिची किंमत कथालेखकाने सांगितलेली नाही, ती मी सांगतो. लीड्समध्ये पिंट पाच पौंडांची धरा. पाच पिंटचे झाले पंचवीस, वर त्याचा सोडा. बदल्यात त्याला इतरांकडून दोन सोडे मिळाले, फार तर तीन-चार पौंडांचे. म्हणजे न पिणारा मुलगा दर शुक्रवारी वीसेक पौंड पिणाऱ्यांच्या पिण्यावर घालतोय. राऊंडमधून बाहेर पडून "माझं मी घेतो" म्हणायची सोय आहे, आणि ज्यांची त्या देशात मुळं घट्ट आहेत ते तसं म्हणतातही. पण ज्याची स्पॉन्सरशिप मॅनेजरच्या सहीवर लटकलेली आहे त्याला चिक्कू ठरायची भीती पौंडांपेक्षा मोठी असते. न पिण्याचा दंड सगळ्यांना सारखा बसत नाही. तो नव्याला जास्त बसतो.

इथपर्यंत कथा इंग्रजांची. मला तिचा उत्तरार्ध जास्त आवडला, कारण तो आपला आहे.

दिवाळीला हा मुलगा तिकडच्या देशी मित्रांच्या घरी जातो. सातआठ मराठी, चारपाच गुजराती, दोन पंजाबी. घरात फराळ आहे, पावभाजी आहे, आणि ओट्यावर बाटल्या मांडलेल्या आहेत. पबमध्ये त्याने "मला सोडा" म्हटल्यावर सगळ्यांनी मान हलवली होती आणि विषय फुटबॉलवर गेला होता. इथे तो "मी नाही घेत" म्हणतो आणि अख्खी खोली त्याच्याकडे वळते.

"अरे बडोद्याचा ना तू? मग आता तरी कसर भरून काढ!"

तो म्हणतो, अँटिबायोटिक चालू आहे. उत्तर येतं, बिअरने काही होत नाही, मीही घेतली होती. तो म्हणतो, उद्या लवकर उठायचंय. उत्तर येतं, एकच घे, लाइट करून देतो. तो म्हणतो, परत जाताना ट्रेन आहे. उत्तर येतं, इथेच झोप. शेवटी एक जण खांद्यावर हात टाकून म्हणतो, "घरी नाही सांगत रे आम्ही."

हा संवाद लेखकाने जसाच्या तसा टिपलाय आणि त्यात या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. त्याने दिलेलं प्रत्येक कारण समोरच्याने अडचण म्हणून घेतलं आणि यजमानाच्या प्रेमाने ती दूर केली. कारण दिलं की वाटाघाट सुरू होते. आपण मराठी माणसं आग्रहात वाढलेलो आहोत. पंगतीत पहिलं "नको" हे पोटाचं नसतं, रीतीचं असतं. वाढणाऱ्यानेही ते खरं मानायचं नसतं. जिलबीची परात घेऊन तो तुमच्यासमोर उभाच राहतो, आणि तिसऱ्या नकारानंतर एक पानात पडतेच. जिलबीपुरतं हे गोड आहे. हीच रीत जशीच्या तशी व्हिस्कीला लावली की खरं "नको" म्हणायला भाषाच उरत नाही. म्हणून परक्यांच्या पबपेक्षा आपल्यांच्या घरात नाही म्हणणं जास्त अवघड जातं. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "तिथल्या गोऱ्यांच्या नादाने पीत नाहीस ना?" गोरे बिचारे दोन सेकंदांत विषय सोडून देतात.

कथेतला मुलगा यातून सुटतो दोन गोष्टींनी. तो उठून तव्यापाशी जातो आणि पाव भाजायला लागतो. ज्याचे हात बटरने माखलेले आहेत त्याच्या हातात कुणी ग्लास देत नाही, आणि तव्यापाशी गप्पाही चांगल्या होतात, कारण सगळ्यांना शेवटी तिथेच यावं लागतं. पुढच्या खेपेला, दुसऱ्या एका घरी, तो कारण द्यायचंच बंद करतो. "नाही घेत मी." का? "असंच." परत का? "असंच रे." कारणच नाही म्हटल्यावर दूर करायला अडचणही उरत नाही. दोनतीनदा विचारून माणसं थकतात. मला वाटतं, परदेशी निघालेल्या मुलाला कुणी एकच गोष्ट शिकवायची असेल तर ही शिकवावी. त्याला सबब देऊ नये, सबबीशिवाय बोलायची सवय द्यावी.

आता काकूंचे संस्कार, आणि आपली दारूबंदी.

गुजरातचा कायदा म्हणजे १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा तो दोन्हीकडे गेला. महाराष्ट्रात तो परवान्यांनी सैल होत गेला, आपल्याकडे घट्ट राहिला. आपल्याकडेही आजारपणाचा परवाना आहे, बाहेरून येणाऱ्यांचा आहे, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत ठरावीक हॉटेलांत ठरावीक लोकांना सूट आहे. बाकी सगळीकडे बंदी. आणि बाकी सगळीकडे दारू मिळते, हेही शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणाकडे तरी नंबर असतो. कुणी दमणहून येताना गाडीत आणतो. छांटोपाणीची, म्हणजे पिण्याची, बैठक कुणाच्या गच्चीवर आहे हे फक्त त्या कंपूलाच सांगितलं जातं.

या लपवाछपवीतून मुलगा काय शिकतो ते बघा. अकोट्यातल्या कुणाच्या तरी फ्लॅटवर, पडदे लावून, आवाज खाली ठेवून चार मित्र बसले आहेत. तिथे ग्लास उचलणं म्हणजे "मी तुमच्यातला, मी कुठे बोलणार नाही" असं वचन देणं असतं. न उचलणारा संशयित ठरतो: हा उद्या कुणाला सांगेल का? जिथे दारू उघड आहे तिथे न पिणारा फक्त न पिणारा असतो. जिथे ती चोरून आहे तिथे न पिणारा साक्षीदार असतो. आपल्या मुलांच्या मनात दारू आणि दोस्तीची गाठ अशी कायद्यानेच घट्ट बांधली आहे. ती गाठ घेऊन ती लीड्सला जातात आणि तिथल्या उघड्या पबमध्येही त्यांना वाटतं, नाही म्हटलं तर यांचा आपल्यावर विश्वास बसणार नाही.

दुसरं असं की बंदीच्या राज्यात नकार तुम्हाला द्यावाच लागत नाही. तो तुमच्या वतीने सरकार देतं. लग्नात, ऑफिसच्या पार्टीत, हॉटेलात प्रश्नच येत नाही. बावीस वर्षं ज्याला चारचौघांत एकदाही "मला नको" म्हणायची पाळी आली नाही, त्याच्याकडून पहिल्याच शुक्रवारी, परक्या भाषेत, वरिष्ठांसमोर ते नीट म्हणण्याची अपेक्षा आपण करतो आणि त्याला संस्कार म्हणतो. कथेतल्या मुलाला ते जमलं, पण बऱ्याच शुक्रवारांनंतर आणि स्वतःच्या हिशेबाने. बडोद्याचं त्यात श्रेय थोडंच आहे.

थोडंच म्हणालो, अजिबात नाही असं नाही. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांत ज्या बायका आहेत त्यांचं मी ऐकून घेतो. ज्या वस्तीत नवऱ्याचा पगार गुत्त्यातून घरी पोचतो तिथल्या बाईला माझे हे राऊंडचे सिद्धांत ऐकवायची माझी हिंमत नाही. आणि नवरात्र हे तर बडोद्याचं रोकडं उत्तर आहे. हजारो माणसं एका मैदानात, मधोमध गाणारे आणि वाजवणारे, भोवती रिंगणं, मध्यरात्रीपर्यंत. सतरा वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर जाते, खेळून झालं की शेव-उसळ खाऊन घरी येते. एवढा मोठा जमाव जगात फार ठिकाणी बिनदारूचा सापडणार नाही. कुणी पीत नाही याकडे तिथे कुणाचं लक्षसुद्धा नसतं. यात कायद्याचा वाटा आहेच, पण मला मोठा वाटा दिसतो तो हातापायांना दिलेल्या कामाचा. रिंगणात टाळ्या वाजवणाऱ्या माणसाला ग्लास धरायला हात मोकळा नसतो. कथेतल्या मुलाला तव्यापाशी हेच सापडलं होतं.

म्हणून परदेशातल्या आपल्या मंडळींशी माझं भांडण आहे ते दारू ठेवण्यावरून नाही. ठेवा, सज्ञान आहात. भांडण आहे ते बैठकीत दुसरं काहीच न ठेवण्यावरून. सात वाजता जमायचं, बाटली उघडायची, साडेअकराला जेवायचं. मधल्या साडेचार तासांत न पिणाऱ्याने करायचं काय? जेवण आठला वाढलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. रिकाम्या पोटी दारू लवकर चढते हे सगळ्यांना माहीत आहे, तरी आपल्याकडे जेवण म्हणजे पिणं संपल्याची खूण, म्हणून ते जितकं लांबवता येईल तितकं लांबवतात. पत्ते ठेवा, कॅरम ठेवा, गाणाऱ्याला आधी गाऊ द्या. इंग्रजांच्या ऑफिसांतही शुक्रवार संध्याकाळऐवजी मंगळवारी दुपारी टीमने एकत्र जेवायला जायला कुणाची हरकत नसते, फक्त कुणीतरी सुचवावं लागतं. नव्या पोराने ते सुचवणं कठीण. दहा वर्षं तिथे असलेल्या, आता स्वतः मॅनेजर झालेल्या आपल्या माणसाला ते सहज जमण्यासारखं आहे, आणि तोच सुचवत नाही, कारण त्यानेही एकेकाळी सहा-सहा पिंट पिऊनच जागा मिळवली असं त्याला वाटतं.

आणि इथे बडोद्यात, व्हिसाचे सल्लागार दर शनिवारी-रविवारी अलकापुरीतल्या हॉलमध्ये सेमिनार घेतात. बँकेतली शिल्लक किती दाखवायची, इंटरव्ह्यूत काय बोलायचं, थंडीचे कपडे कुठून घ्यायचे, सगळं सांगतात. मुलं वह्या भरून लिहून घेतात. त्यात कुणीतरी फळ्यावर ५६८ गुणिले ४ टक्के गुणिले सहा एवढं मांडून दाखवलं तर पाच मिनिटं जातील. पालकांना हे आवडणार नाही, मला कल्पना आहे. आमचा मुलगा पबमध्ये जाणारच नाही, असं ते म्हणतील. तो जाईल. ऑफिस जाईल तिथे तो जाईल, आणि जावंच. प्रश्न तो तिथे काय मागेल एवढाच आहे.

राहता राहिली वर्गणी. परदेशातल्या देशी पार्ट्यांत खर्च सगळ्यांत सारखा वाटतात, फोनवरच्या ॲपमध्ये एक आकडा टाकला की भागाकार होतो. पावभाजीचे आणि व्हिस्कीचे पैसे एकाच बेरजेत. न पिणारा पोरगा, बहुतेकदा त्या घोळक्यातला सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत कमी पगाराचा, निमूट तेवढेच भरतो, कारण वीस पौंडांसाठी कोण तोंड उघडणार. कथेतला मुलगाही भरतो. मी परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं की इथे लेखकाने त्याला बोलू द्यायला हवं होतं. काकूंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "मुलगा एवढा हिशेबी दाखवला तर वाचकाला आवडणार नाही." मी म्हटलं, यजमानाने आपणहून दोन बेरजा केल्या तर त्याला हिशेबी व्हावं लागणारच नाही. यावर आमचं एकमत झालं नाही, आणि कथा उत्तेजनार्थवर राहिली.